मासिक वर्गणीची साइट: सभासदाने रद्द केल्यावर पोस्ट कधी बंद करायच्या?

मुकाखांब
नमस्कार मंडळी. आमचा क्रोशाचा गट आहे. आधी नुसता व्हॉट्सॲपवर होता, आता वर्डप्रेसवर साइट काढली आहे. वर्गणी महिना १९९ रुपये, यूपीआय ऑटोपे किंवा कार्डवरून आपोआप कापली जाते. त्यात दर आठवड्याला एक नवा नमुना येतो (आलेख, ओळीवार टाके, व्हिडिओ) आणि जुने सगळे नमुने पीडीएफमध्ये खुले असतात. बिनसभासदांना फक्त फोटो आणि पहिला परिच्छेद दिसतो.

अडचणी दोन आहेत. पहिली: कुणी 'रद्द करा' दाबलं की आमचं प्लगइन त्याच मिनिटाला पोस्ट बंद करतं. एका ताईंनी ५ तारखेला पैसे भरले आणि पुढच्या महिन्यात विसरायला नको म्हणून २० तारखेलाच रद्द केलं. लगेच दारं बंद. त्या भयंकर चिडल्या. पण दुसरी बाजूही आहे. काही जण एक महिन्याचे पैसे भरतात, एका रात्रीत सगळ्या पीडीएफ उतरवतात आणि सकाळी रद्द करतात. माझी सहकारी म्हणते, रद्दचं बटणच काढून टाकू, ज्यांना सोडायचंय ते मेसेज करतील.

दुसरी अडचण: वर्गणी नियमित जात असूनही काहींना मध्येच एक दिवस 'सभासद व्हा' असं पान दिसतं. दुसऱ्या दिवशी आपोआप ठीक. होस्टिंगवाले म्हणतात सर्व्हर उत्तम आहे. कुणाला अनुभव?

टवाळबाळ
आयडी वाचून वाटलं होतं विजेच्या खांबाबद्दल धागा आहे.

रेवती_के
मी त्या चिडलेल्या ताईंच्या बाजूने. महिन्याचे पैसे घेतलेत ना? मग महिना द्या. पंधरा दिवसांची पोस्ट बंद करून १९९ पूर्ण ठेवून घेणं बरोबर नाही. मीही असल्या वर्गण्या भरल्या भरल्याच रद्द करते, नाहीतर माझ्या लक्षात राहत नाही. याचा अर्थ मला सोडायचंच आहे असा नसतो.

अर्धवटराव
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आता दर महिन्याला ओटीपी द्यावा लागतो. ज्यांनी दिला नाही त्यांचं बंद पडतं, दुसऱ्या दिवशी देतात, सुरू होतं. शिवाय तुम्हाला जीएसटी नोंदणी करावीच लागेल, ऑनलाइन सेवा आहे.

विनाकारण
अर्धवटराव, अर्धं बरोबर. १ ऑक्टोबर २०२१ पासूनचा तो नियम असा: पहिल्यांदा परवानगी देताना ओटीपी किंवा यूपीआय पिन लागतो. पुढचे हप्ते ठरावीक मर्यादेच्या आत असतील तर पुन्हा लागत नाही. मर्यादा आधी ५,००० होती, २०२२ मध्ये १५,००० झाली. १९९ रुपयांना दरमहा ओटीपीचा प्रश्नच नाही. मात्र पैसे कापायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते, ती बहुधा तुमच्या डोक्यात असावी. जीएसटीचं म्हणाल तर सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही. क्रोशाच्या गटाची एवढी होत असेल तर मी उद्यापासून सुई हातात घेतो.

मुकाखांब, तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच असावं असं वाटतंय. साइट 'हा सभासद चालू आहे की रद्द' एवढंच बघते आहे का? की 'याचे पैसे कोणत्या तारखेपर्यंत भरलेले आहेत' हे कुठे साठवते? आणि मुदत 'एक महिना' अशी लिहिली आहे की '३० दिवस'? प्लगइनच्या सेटिंगमध्ये बघून सांगा.

सुमनकाकू
छान धागा. माझेही दर महिन्याला एका ऑनलाइन योगवर्गाचे पैसे जातात. मी जाणं कधीच सोडलं. त्यांना दोनदा मेल केली, उत्तर नाही. तर हे बंद कसं करायचं? तुमच्या साइटवर होईल का?

रेवती_के
काकू, त्यांच्या साइटवर नाही होणार, त्या क्रोशावाल्या आहेत :) पण तुम्ही पैसे यूपीआयने भरत असाल तर तुमच्या फोनमधल्या पेमेंट ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाचा विभाग शोधा. तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्यांची यादी असते. योगवर्गाची निवडायची, रद्द म्हणायचं आणि पिन टाकायचा. त्यांना विचारावंही लागत नाही. कार्डावरून जात असतील तर बँकेच्या साइटवर किंवा ॲपमध्ये तशीच सोय असते.

विनाकारण
फक्त एक, काकू. यामुळे पुढचे पैसे थांबतील, आधी गेलेले परत येणार नाहीत. ते त्यांच्याकडेच मागावे लागतील.

आणि मुकाखांब, काकूंचं उदाहरण तुमच्या सहकारी मैत्रिणीला नक्की दाखवा. तुम्ही बटण काढलंत तरी सभासदाच्या फोनमध्ये ते आहेच. फरक एवढाच की तिथून रद्द झालं की माणूस का गेला हे तुम्हाला कळत नाही, आणि जाताना तो चार मैत्रिणींना सांगून जातो.

जुनासभासद
मी थोडा वेगळा विचार मांडतो. आम्ही एक छोटं नियतकालिक बरीच वर्षं चालवलं. वार्षिक वर्गणी घ्यायचो आणि मध्येच रद्द करण्याची भानगडच नव्हती. वर्षभर अंक येणार, संपलं. दरमहा दार उघडंच ठेवायचं आणि मग लोक जातात म्हणून रडायचं, हे मला पटत नाही. १,९९० रुपये वर्षाचे घ्या, दोन महिने मोफत म्हणा. एका रात्रीत पीडीएफ उतरवणारे आपोआप गळतील.

रेवती_के
काका, आणि चौथ्या महिन्यात कुणी परत मागितले तर?

जुनासभासद
द्यायचे नाहीत. आधीच तसं लिहून ठेवायचं.

रेवती_के
म्हणजे काकूंचा योगवर्ग.

शिल्पा_ठाणे
मी एका बागकामाच्या गटाची वर्गणी सांभाळते, आमच्याकडे वार्षिक आणि मासिक दोन्ही आहेत. वार्षिकवाल्याने मध्ये सोडलं तर आम्ही वापरलेले महिने मासिक दराने मोजतो. तुमच्या आकड्यांत चार महिन्यांचे ७९६ झाले, म्हणून १,१९४ परत. सवलत जाते, पण लुबाडल्यासारखं वाटत नाही. मात्र गेटवेने मूळ १,९९० वर घेतलेलं कमिशन आम्हाला परत मिळत नाही, ते आम्हीच सोसतो. तुम्ही तुमच्या गेटवेच्या अटी वाचून मगच ठरवा.

बटण काढण्याबद्दल: नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यातल्या तेरा प्रकारांत वर्गणीचा सापळाही आहे. रद्द करण्याचा पर्याय लपवणं किंवा ती वाट मुद्दाम लांबलचक करणं त्यात येतं. 'मेसेज करा, मग बघू' हे त्याच्या फार जवळ जातं. छोटा गट आहे म्हणून कुणी दारात येणार नाही हे खरं, पण मी तरी तो रस्ता धरणार नाही.

मुकाखांब
बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार.

विनाकारणदादा, बघितलं. सेटिंगमध्ये '३० दिवस' आहे. आणि हो, साइट फक्त चालू किंवा रद्द एवढंच बघते. गेटवेकडून रद्दचा संदेश आला की लगेच रद्द.

विनाकारण
सापडला मग तुमचा एक दिवस. ५ जानेवारीला सकाळी अकराला पैसे भरणारीचं उदाहरण घ्या. ३० दिवस म्हणजे ४ फेब्रुवारी सकाळी अकरा. पण गेटवे पुढचे पैसे कापतो ५ फेब्रुवारीला, कारण त्याच्या लेखी महिना म्हणजे त्याच तारखेपासून त्याच तारखेपर्यंत. मधला जवळजवळ एक दिवस तुमच्या साइटला वाटतं मुदत संपली, म्हणून ती 'सभासद व्हा' दाखवते. पैसे आले की पुन्हा सुरू. सर्व्हरचा काही संबंध नाही.

ताळा करून बघा. ज्या तक्रारीच्या आधीचा महिना ३१ दिवसांचा आहे तिथेच हे होईल. फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर आणि जानेवारीत तक्रारी येतील. मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये येणार नाहीत. जुने मेसेज चाळा.

टवाळबाळ
मुठीच्या हाडांवर महिने मोजायला शिकवलेलं आज पहिल्यांदा तंत्रज्ञानात उपयोगी पडलं.

मुकाखांब
दादा, आत्ता चाळले. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये भरपूर, नोव्हेंबरमध्येही. ऑक्टोबरमध्ये फक्त एक आहे, पुण्याच्या एका सभासदाची. मी थक्क झाले आहे. ती एक कशी काय?

विनाकारण
एकीची कारणं वेगळी असू शकतात. खात्यात शिल्लक नसेल तर पहिला प्रयत्न फसतो आणि गेटवे पुढच्या दिवसांत पुन्हा प्रयत्न करतो. गेटवेच्या यादीत त्या तारखेला फसलेला व्यवहार दिसतो का बघा.

आता उपाय. चालू की रद्द यावर पोस्ट उघडूच नका. प्रत्येक सभासदापुढे एक तारीख ठेवा, 'पैसे कुठपर्यंत भरलेत' ती. पैसे जमा झाल्याचा संदेश आला की गेटवेने दिलेली मुदतीची शेवटची तारीख तिथे लिहायची, स्वतः ३० मिळवत बसायचं नाही. पोस्ट उघडताना एवढंच तपासायचं:

```
if (today <= paid_until + grace_days) {
    show_full_post();
}
```

`grace_days` तीन-चार ठेवा, म्हणजे शिल्लक नसल्याने एकदा फसलेल्या माणसाला पुन्हा प्रयत्न होईपर्यंत दार लागत नाही. आणि रद्दचा संदेश आला तर `paid_until` ला हातच लावायचा नाही. ५ तारखेला भरून २० ला रद्द करणाऱ्या तुमच्या ताईंची तारीख पुढच्या महिन्याच्या ४ पर्यंत होतीच, ती तशीच राहते. नंतर पैसे येत नाहीत, तारीख पुढे सरकत नाही, आणि पोस्ट आपोआप बंद. त्यांनी तुमच्या बटणावरून रद्द केलं, फोनमधून केलं की बँकेतून, काहीच फरक पडत नाही. फोनमधून रद्द झाल्याचा संदेश तुमच्यापर्यंत पोचलाच नाही तरी बिघडत नाही, ही यातली मोठी सोय.

गेटवेलाही रद्द करताना 'आत्ता' की 'चालू महिना संपल्यावर' हे सांगावं लागतं. रेझरपे वापरत असाल तर त्यासाठी `cancel_at_cycle_end` असा पर्याय आहे. इतरांकडे नाव वेगळं असेल.

अर्धवटराव
पण मग सवलतीचे तीन-चार दिवस फुकटच जातात की. रद्द करणाऱ्यालाही मिळणार.

विनाकारण
मिळतील. ज्याने स्वतः रद्द केलंय त्याला शून्य आणि बाकीच्यांना तीन असंही करता येतं, पण मग रद्दच्या संदेशावर पुन्हा विसंबावं लागतं. मी सोडून दिलं असतं.

एडमंटनची_आजी
मी कॅनडातून एका भारतीय साइटची सभासद आहे. आमची तारीख तुमच्या मागे असते. ४ तारीख संपायला आम्हाला अजून अर्धा दिवस असतो, तेव्हा तुमच्याकडे ५ उजाडलेली असते आणि माझं बंद पडलेलं असतं. त्यामुळे सवलतीच्या दिवसांना माझं अनुमोदन. शिवाय माझं कार्ड इथलं, ते भारतातल्या साइटवर दर महिन्याला आपोआप चालेल की नाही याचा नेम नाही. शेवटी नागपूरची बहीण माझे पैसे भरते. मुकाखांब, परदेशी कार्डाचं तुमच्याकडे काय?

मुकाखांब
आजी, अजून तरी काहीच नाही. गेटवेने परदेशी कार्डं वेगळी मंजूर करावी लागतात असं सांगितलं आणि कागदपत्रांची यादी पाठवली. ती बघून मी पुन्हा विणायला बसले.

नेहा_विणते
मी स्वतः नमुने रचते म्हणून पीडीएफबद्दल बोलते. ताई, एक करून बघा. तुमच्या एखाद्या पीडीएफचा पत्ता कॉपी करा, ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, लॉगइन न करता तिथे डकवा. उघडली तर रद्द-बिद्द सगळं गौण आहे.

मुकाखांब
उघडली.

नेहा_विणते
तेच म्हणत होते. वर्डप्रेसमध्ये तुम्ही पोस्टला कुलूप लावता, पण फाइल `wp-content/uploads` मध्ये पडलेली असते आणि पत्ता माहीत असलेल्या कुणालाही मिळते. म्हणजे कुणीतरी एकीने व्हॉट्सॲपवर पत्ता टाकला की तिने सभासदत्व सोडल्यावरही तो चालूच. तुम्ही ज्यांना 'एका रात्रीत उतरवून पळाले' म्हणता त्यांतल्या काहींना उतरवायचीही गरज नव्हती.

विनाकारण
बरोबर. फाइली त्या फोल्डरबाहेर हलवा आणि वरच्याच तारखेच्या तपासणीतून जाऊन मिळतील असं करा. बहुतेक सभासदत्व प्लगइनांत 'संरक्षित फाइल' अशी सोय असते. तसंच `/feed/` आणि `/wp-json/wp/v2/posts` हे दोन पत्ते लॉगइन न करता उघडून बघा, तिथे पूर्ण मजकूर सांडत नाही ना.

पान साठवून ठेवणारं कॅश प्लगइन असेल तर सभासदांच्या पोस्ट त्यातून वगळा. नाहीतर एकीसाठी बनलेलं पान दुसरीला दिसतं. कधी बिनसभासदाला पूर्ण पोस्ट, कधी सभासदाला कुलूप. ऑक्टोबरची पुण्याची तक्रार अशीही असू शकेल.

जुनासभासद
कुलपं लावा हो, पण उतरवून घेतलेली फाइल परत थोडीच येणार? म्हणून म्हणतो वार्षिक.

नेहा_विणते
काका, परत येत नाही हे मान्य. पण वार्षिक केलं तर नवीन कुणी आत येऊन बघायलाच धजावणार नाही. मी दुसरा मार्ग घेतला. मोठे नमुने तुकड्यांत देते. शाल असेल तर सहा भाग, दर आठवड्याला एक, सगळ्या बरोबर विणतात आणि अडलं की खाली विचारतात. एका रात्रीत उतरवायला काही नसतंच. खरं तर लोक नमुन्यासाठी येतात आणि 'चौदाव्या ओळीत माझा एक खांब जास्त का येतो' याच्या उत्तरासाठी थांबतात. ते उत्तर पीडीएफमध्ये जात नाही.

रेवती_के
मला हे तुकडे अजिबात आवडत नाहीत! पूर्ण नमुना बघितल्याशिवाय लोकर किती आणायची ते कसं कळणार? एकदा असंच विणायला घेतलं, पाचव्या भागात लोकर संपली आणि दुकानात त्या रंगाची तीच खेप मिळाली नाही. किनार वेगळ्याच छटेची झालीय. त्या गटातून मी तेव्हाच बाहेर पडले, आणि तेही फोनमधूनच रद्द करून. म्हणजे त्यांनाही कारण कळलेलं नाही.

नेहा_विणते
हे अगदी रास्त. म्हणून मी पहिल्याच दिवशी, आणि तेही बिनसभासदांना दिसेल अशा भागात, एकूण लोकर किती ग्रॅम, सुई किती मिलीमीटरची, तयार माप किती आणि दहा सेंटिमीटरमध्ये किती खांब बसायला हवेत हे लिहिते. टाके मात्र आत. त्याने फुकट काहीच जात नाही आणि यायचं की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येतं. 'पहिला परिच्छेद' दाखवण्यापेक्षा हे बरं.

शिल्पा_ठाणे
रद्द होण्याच्या वेळेबद्दल एक निरीक्षण. आमच्याकडे सगळ्यात जास्त जण वर्गणी कापायच्या आदल्या दिवशी जातात, कारण विनाकारण यांनी सांगितलेली ती २४ तास आधीची सूचना तेव्हा येते. त्यात फक्त रक्कम आणि नाव असतं. ते वाचून माणूस एवढंच विचारतो, 'अरे हे कशाचे?' म्हणून आम्ही त्याच्या दोन दिवस आधी आपली मेल पाठवतो: या महिन्यात काय आलं, पुढच्या महिन्यात काय येणार, किती कापले जातील आणि नको असेल तर रद्द करण्याचा दुवा. दुवा घालायला आमच्या समितीतल्या दोघांचा विरोध होता, अजूनही आहे. मला वाटतं फायदा झालाय, त्यांना वाटतं नाही झाला. आकडे दोघांकडेही नाहीत, भांडण चालू आहे.

टवाळबाळ
समिती असलेला बागकामाचा गट. यापुढे मला काही ऐकायचं नाही.

मुकाखांब
आतापर्यंत केलं ते सांगते. माझ्या भाच्याने ३० दिवस काढून गेटवेची तारीख घ्यायला लावली आणि चार दिवस सवलत ठेवली. त्या ताईंना उरलेले दिवस परत दिले. पीडीएफ हलवायचं काम चालू आहे, पण जुन्या पोस्टमधले दुवे तुटतात, एकेक दुरुस्त करतेय. बटण राहणार. सहकारी नाराज आहे, पण तिला काकूंचा किस्सा वाचायला दिला.

वार्षिक पर्याय शिल्पाताईंच्या हिशोबाने ठेवावा म्हणते. एक नवा प्रश्न मात्र आहे. एका सभासदाचं बाळंतपण आहे, तिला तीन महिने 'थांबवून' ठेवायचंय. आम्ही पुढच्या महिन्यात वर्गणी २४९ करणार आहोत. जुन्यांना १९९ च ठेवायचं कबूल केलंय. ती रद्द करून परत आली तर तिला १९९ की २४९?

विनाकारण
तिने दिलेल्या परवानगीत रक्कम ठरलेली असेल तर जुन्यांचं १९९ तसंच चालू राहील. पण रद्द झालेली परवानगी परत जिवंत होत नाही. ती नव्याने द्यावी लागते आणि तेव्हा तुमच्या साइटवरचा त्या दिवसाचा दर लागतो. रद्द न करता थांबवून ठेवायची सोय काही गेटवे देतात, तुमचा देतो का विचारा. देत नसेल तर जुन्यांसाठी १९९ ची वेगळी योजना बिनजाहिरात ठेवून दुवा तिला पाठवा. फक्त तो दुवा व्हॉट्सॲपवर फिरणार नाही हे बघा.

रेवती_के
फिरणार. मलाच पाठवा, मी आज रात्री फिरवते.

सुमनकाकू
ऑटोपे सापडलं. योगवर्ग बंद केला. त्या यादीत अजून तीन आहेत, त्यातलं एक यांचं आहे आणि ते कशाचं आहे हे सांगत नाहीयेत.